मॉस्कोच्या ऑफिसात निरोपाचं भाषण रशियनमधून करायचं आहे, मसुदा तपासून द्याल का?

मॉस्कोकर

मंडळी, नमस्कार. मी मॉस्कोत एका भारतीय औषध कंपनीचं प्रतिनिधी कार्यालय सांभाळतो. आमच्या औषध-नोंदणी विभागाच्या प्रमुख येलेना मिखाइलोव्ना (नाव बदललं आहे) ११ वर्षांनी कंपनी सोडून दुसरीकडे रुजू होत आहेत. शुक्रवारी दुपारी ऑफिसात त्यांचा निरोप आहे. वरिष्ठ म्हणून पहिलं बोलायचं काम माझं.

इंग्रजीत बोललो तर निम्म्या लोकांना समजेल. हिशेबाच्या बाई, गोदामातले लोक, ड्रायव्हर हे सगळे रशियनच बोलतात, आणि येलेना मिखाइलोव्नांनी या सगळ्यांशी जन्माचं नातं जोडलंय. म्हणून रशियनमधूनच बोलायचं ठरवलंय. माझी रशियन दुकान, टॅक्सी आणि किरकोळ फोन एवढ्यापुरती. दोन मिनिटांचं भाषण आधी मराठीत लिहिलं, मग शब्दकोश घेऊन एकेक वाक्य रशियनमध्ये नेलं. देवनागरीत देतो:

"यिल्येना मिखाय्लव्ना, सिवोद्न्या व्ही पकिदायित्ये नास. व्ही बीली प्रिक्रास्निम कल्येगय. स्व्येत्लया पाम्यत अ वास अस्तान्येत्सा व नाशिख सिर्त्साख. स्कातिर्त्यु दरोगा! प्रश्शायत्ये!"

अर्थ असा धरलाय: आज तुम्ही आम्हाला सोडून जात आहात, तुम्ही उत्तम सहकारी होतात, तुमची उज्ज्वल आठवण आमच्या हृदयात राहील, तुमची वाट सुकर होवो, येतो. सोबत एक डझन गुलाबांचा गुच्छ सांगितला आहे. जाणकारांनी बघावं.

---

अरुणकाका_ठाणे

नवीन आयुष्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन! मीही बँकेतून बाहेर पडलो तेव्हा बोलायला उभा राहिलो आणि गळा दाटून आला. माझा सल्ला असा की शाखेतल्या शिपायाचं नाव आधी घ्या, साहेबांचं नंतर. आणि निवृत्तीनंतर लगेच प्रवासाला निघू नका, पहिले दोन महिने घरात शांतपणे बसा.

---

मॉस्कोकर

काका, कंपनी मी सोडत नाहीये, सहकारी सोडत आहेत. पण शिपायाचं नाव आधी घ्यायची सूचना घेतो. आमच्याकडे फायली मंत्रालयात पोचवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याशी येलेना मिखाइलोव्नांचं फार जमायचं.

---

वैजयंती_दुभाषी

मॉस्कोकर, हा मसुदा आहे तसा वाचू नका. व्याकरण जवळपास बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला वाटेल की बाई वारल्या. प्रत्येक वाक्य अंत्यसंस्काराच्या दिशेने जातंय. एकेक घेते.

"पकिदायित्ये नास" म्हणजे आम्हाला सोडून जाताय. हे क्रियापद निरोपाच्या भाषणांत येतं, नाही असं नाही, पण ते फार गंभीर आहे आणि मृत्युलेखात हमखास भेटतं. मराठीत कुणी "आज ताई आपल्यातून जात आहेत" म्हटलं तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? तसंच. त्याऐवजी "सिवोद्न्या मी प्रवझायिम वास" म्हणा, म्हणजे आज आम्ही तुम्हाला निरोप देतोय. यात पोचवायला जाण्याची भावना आहे, स्टेशनावर सोडायला जावं तशी. कंपनी सोडण्याचाच उल्लेख करायचा असेल तर "कंपनीतून" हा शब्द घालून म्हणा: "उखोदित्ये इस कम्पानिइ". नुसतं "उश्ला अत नास", म्हणजे आमच्यापासून गेली, हे कदापि म्हणू नका. ते मेलेल्या माणसाबद्दलही म्हणतात.

"व्ही बीली प्रिक्रास्निम कल्येगय" हा दुसरा खड्डा. तुम्ही उत्तम सहकारी "होतात" म्हटलं की सहकारी म्हणून त्या संपल्या असं ऐकू येतं. त्यांचा स्वभाव भूतकाळात टाकू नका, त्यांची कामं भूतकाळात टाका. तुम्ही शिकवलंत, तुम्ही वाचवलंत, तुम्ही पाठवलंत, हे चालतं. तुम्ही चांगल्या होतात, हे चालत नाही.

"स्व्येत्लया पाम्यत" तर थेट श्रद्धांजलीचा शब्दप्रयोग आहे. आठवणीची "पाम्यत" भाषणातून पूर्ण काढून टाका.

"स्कातिर्त्यु दरोगा" शब्दशः टेबलावरच्या चादरीसारखा गुळगुळीत रस्ता असो. जुन्या रशियनमध्ये खरोखरच शुभेच्छा होती. आता तिचा अर्थ "चालते व्हा, बरं झालं" असा. ड्रायव्हरपासून हिशेबाच्या बाईंपर्यंत सगळे थिजतील.

"प्रश्शायत्ये" कायमचा निरोप आहे, परत भेटणार नाही अशा भावनेचा. "दा स्विदानिया" पुरेसं आहे, किंवा शेवटी "व दोब्री पूत", वाटचालीला शुभेच्छा.

आणि फुलं. बारा गुलाब नकोत. सम संख्येत फुलं रशियात थडग्यावर नेतात. अकरा किंवा तेरा सांगा, आणि दुकानात स्वतः मोजून घ्या.

---

जुना_विद्यार्थी

मी नव्वदच्या दशकात वोरोनेझला मेडिकल केलं, सहा वर्षं होस्टेलमध्ये रशियन मुलांबरोबर राहिलो. वैजयंतीताईंचं चादरीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फुलांचंही. पण भाषण एवढं ताणू नका. आपल्या माणसाला रशियन लोक "ती" म्हणतात, म्हणजे तू. "व्ही" म्हटलं की अंतर पडतं. "ल्येना, ती मलाद्येत्स", लेना, तू शाब्बास, एवढं म्हणा, डोळे भरून येतील. शेवटी ग्लास उचलून "ना झ्दरोव्ये!" आणि परीक्षेला जाताना म्हणतात ते "नी पूखा नी पिरा" घाला, सगळ्यांना आवडतं. आणि निघताना "ना पसशोक", म्हणजे रस्त्यासाठी शेवटचा पेला.

---

वैजयंती_दुभाषी

डॉक्टर, होस्टेलच्या खोलीत हे सगळं बरोबर होतं. मॉस्कोच्या ऑफिसात पन्नाशीच्या विभागप्रमुख बाईंना, सगळ्यांसमोर, परदेशी वरिष्ठाने "ल्येना, तू शाब्बास" म्हणणं बरोबर नाही. मलाद्येत्स हे मोठ्याने लहानाला म्हणायचं कौतुक आहे. ११ वर्षांच्या कामानंतर ते पाठीवर थोपटल्यासारखं लागेल.

"ना झ्दरोव्ये" ही टोस्ट नाही. जेवण छान झालं म्हणून तुम्ही आभार मानलेत की यजमानीण उत्तरात ते म्हणते. टोस्टला "झा" लागतो, "च्या नावे" अशा अर्थाने: "झा वास!", तुमच्यासाठी. दोन शब्द, विसरता येत नाहीत.

"नी पूखा नी पिरा" म्हटलं की समोरच्याने "क चोर्तु!", म्हणजे सैतानाकडे जा, असं उत्तर द्यायची रीत आहे. परीक्षेच्या दारात ठीक. वरिष्ठाने भर सभेत म्हटलं तर बाईंनी साहेबाला सैतानाकडे पाठवायचं की गप्प बसायचं? त्यांना त्या पेचात कशाला टाकायचं. "पसशोक" मात्र बरोबर सांगितलंत, ते अगदी निघताना, कोट चढवल्यावर, भाषणात नाही.

---

जुना_विद्यार्थी

"झा वास" हे आठवलं, हो, बरोबर. झ्दरोव्ये आमच्या होस्टेलच्या आजी म्हणायच्या, जेवणानंतरच. मान्य. पण तू आणि तुम्हीवर मी अजून ठाम आहे. माझे रशियन मित्र आजही फोनवर तूच म्हणतात.

---

अल्माटीची_सून

नमस्कार. मी लग्न करून अल्माटीला आले, घरी रशियन बोलली जाते, नवरा कझाख. दोन गोष्टी.

पहिली, रशियन बोलणारा माणूस रशियनच असतो असं नाही. मॉस्कोकरांच्या बाबतीत बाई मॉस्कोच्या आहेत, प्रश्न नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाचा निरोप असेल आणि ते कझाखस्तानचे, युक्रेनचे किंवा किर्गिझस्तानचे असतील तर "तुमचा रशिया", "रशियन आत्मा" असलं काही बोलू नका. माझ्या सासऱ्यांची भाषा रशियन आहे, पण त्यांना कुणी रशियन म्हटलं तर ते शांतपणे दुरुस्त करतात.

दुसरी, वडिलांच्या नावासकट हाक मारण्याची पद्धत. आमच्याकडे तरुणांच्या ऑफिसात ती गेली. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत सगळे नुसतं पहिलं नाव घेतात आणि तू म्हणतात, अगदी संचालकालाही. तिथे कुणी एकदम "येलेना मिखाइलोव्ना, तुम्ही" असं सुरू केलं तर काय बिनसलं असं वाटेल. म्हणून मॉस्कोकर, तुम्ही रोज त्यांना काय हाक मारता? तेच भाषणात ठेवा. त्या दिवशी बदलू नका.

---

मॉस्कोकर

रोज "येलेना मिखाइलोव्ना" आणि "व्ही". संपूर्ण ऑफिस तसंच म्हणतं. त्या मला माझ्या नावाने हाक मारतात, कारण माझ्या वडिलांचं नाव त्यांना उच्चारायला अवघड जातं, पण म्हणतात "व्ही"च.

वैजयंतीताई, अकरा फुलं सांगितली. दुकानदाराने लगेच "बरं" म्हटलं, कारण विचारलं नाही. आणखी एक: निरोपाचं खाणं आमच्याकडून असेल असं मी धरून चाललो होतो. पण येलेना मिखाइलोव्नांनी स्वतःच केक आणि सालाद मागवलं आहे असं कळलं. मी आयोजन केलं तर त्यांना राग येईल का?

---

वैजयंती_दुभाषी

येणार नाही, पण त्यांच्या हातातून काढूनही घेऊ नका. जाणाऱ्यानेच टेबल मांडायचं ही पद्धत आहे. बोलीत तिला "अत्वाल्नया" म्हणतात. आपल्याकडे ऑफिसने निरोप समारंभ करायचा असतो, तिकडे जाणारा माणूस सहकाऱ्यांना खाऊ घालून निघतो. तुम्ही फुलं, भेटवस्तू आणि भाषण सांभाळा. भेटवस्तूंत घड्याळ आणि चाकू टाळा, बरेच लोक अशुभ मानतात.

याचा भाषणाशी थेट संबंध आहे. टेबल त्यांचं, लोक उभे, हातात पेले, केक कापून ठेवलेला. तुमच्या भाषणानंतरच पहिला घोट. म्हणून दोन मिनिटं ही कमाल मर्यादा, दीड उत्तम. परदेशी उच्चार ऐकायला लोकांना जास्त लक्ष द्यावं लागतं, ते लक्ष दीड मिनिटानंतर ढिलं पडतं.

आता मजकुराकडे. तुमच्या मसुद्यात येलेना मिखाइलोव्ना नाहीतच. उत्तम सहकारी कुणीही असतं. सोव्हिएत काळात अशा प्रसंगी छापील मानपत्र वाचायचे, त्यात सगळ्यांना सारखीच विशेषणं असायची, आणि त्या वयाच्या माणसांना तो सूर लगेच ओळखू येतो. त्यांनी केलेलं एक काम सांगा. एकच, पण असं की खोलीतल्या सगळ्यांना तो दिवस आठवेल.

---

मॉस्कोकर

एक आहे. एका वर्षी ३० डिसेंबरला आमच्या एका औषधाच्या फाईलवर तज्ज्ञ संस्थेकडून शंका आली. उत्तर त्याच आठवड्यात जायला हवं होतं, आणि १ ते ८ जानेवारी इथे सरकारी सुट्टी असते, म्हणजे हाती तो आणि दुसरा दिवस. ऑफिसात नवीन वर्षाचं सालाद चिरणं चालू होतं. गोव्याच्या कारखान्याने कागद पाठवले, सगळ्यांना वाटलं झालं. येलेना मिखाइलोव्ना मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचत बसल्या आणि स्थिरता चाचणीच्या तक्त्यातला बॅच क्रमांक प्रमाणपत्रातल्या क्रमांकाशी जुळत नाही हे त्यांनी पकडलं. मॉस्कोत सहा वाजले होते, गोव्यात साडेआठ. कारखान्याच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाला घरून परत बोलावलं. नोंदवही काढून पाहिली तर तक्ता टाइप करताना एक आकडा फिरला होता. दुरुस्त तक्ता सही होऊन आला, ३१ ला उत्तर गेलं. तो क्रमांक तसाच गेला असता तर फाईल परत आली असती आणि औषध बाजारात यायला कितीतरी महिने लागले असते.

पण हे सगळं रशियनमध्ये सांगायला मला जमणार नाही.

---

वैजयंती_दुभाषी

सगळं सांगायचंच नाही. खोलीतल्या लोकांना ठाऊक आहे. तीन छोटी वाक्यं पुरे: ३० डिसेंबर आठवतो, सगळे सालाद चिरत होते आणि तुम्ही त्या शंकेवर बसला होतात, उत्तर वेळेत गेलं. नवीन वर्षाआधी सालाद चिरणं हे इतकं घरोघरचं चित्र आहे की ते शब्द ऐकताच सगळ्यांना तारीख, वास, घाई सगळं कळतं. बॅच क्रमांक सोडून द्या. त्याऐवजी म्हणा, तुम्ही आम्हाला कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायला शिकवलंत. ज्यांना घटना माहीत आहे त्यांना क्रमांक आठवेल, ज्यांना नाही त्यांनाही वाक्य समजेल.

संध्याकाळी पूर्ण मजकूर देते. तोवर एक नियम लक्षात ठेवा. "व्ही"बरोबर भूतकाळ नेहमी "ली"ने संपतो, बाई असोत की पुरुष: व्ही पमग्ली, व्ही नउचीलि. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना लिंगाची चिंता नाही. स्वतःबद्दल बोलताना मात्र आहे. तुम्ही पुरुष म्हणून "या रात", मला आनंद आहे, आणि "या खत्येल", मला हवं होतं. बाई असता तर "रादा" आणि "खत्येला". आपण मराठीत "मी आलो" आणि "मी आले" करतो तेच. मराठी माणसाला हे इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर साधतं.

---

श्रीरंग_म्युनिक

माझाही असाच प्रसंग. इथे जर्मनीत आमच्या टीममधली मुलगी गेली तेव्हा मी जर्मनमधून बोललो. पाठ केलं होतं, मध्येच एक शब्द अडला आणि मी इंग्रजीत गेलो, मग परत येताच येईना. माझं मत असं की पहिली दोन वाक्यं रशियनमध्ये बोला आणि बाकी इंग्रजीत, कुणाकडून तरी भाषांतर करून घ्या. चूक होण्यापेक्षा ते बरं. भावना पोचणं महत्त्वाचं.

---

अल्माटीची_सून

श्रीरंग, मला उलट वाटतं. दुभाषा मध्ये आला की भाषण दुप्पट लांबतं आणि सगळ्यांची नजर दुभाष्याकडे जाते. निरोपाच्या टेबलाशी ते जड होतं. त्यापेक्षा दहा वाक्यं, हातात कार्ड, अडलं की कार्डाकडे बघायचं. कार्डाकडे बघून वाचलं तर कुणी वाईट मानत नाही, मोबाईलमध्ये बघून वाचलं तर मानतात, कारण संदेश बघतोय असं दिसतं.

---

श्रीरंग_म्युनिक

कार्ड चालत असेल तर ठीक. तरी एक माणूस जवळ उभा ठेवा जो अडलेला शब्द हळूच सांगेल.

---

वैजयंती_दुभाषी

हा घ्या मजकूर. लिहिण्याची पद्धत आधी समजून घ्या: जिथे दीर्घ आ, ई, ऊ, किंवा ए, ओ आहे तिथे जोर, एका शब्दात असे दोन असतील तर पहिल्यावर, बाकी स्वर आखूड आणि सैल. रशियनमध्ये जोर चुकला तर शब्द ओळखू येत नाही, म्हणून अक्षरांपेक्षा जोर सांभाळा. जोर नसलेला "ओ" आपोआप "अ" होतो, म्हणून दरगाया, दोरोगाया नव्हे. "मी" आणि "व्ही"मधला स्वर आपल्याकडे नाही: ई म्हणताना जीभ मागे ओढा. "त्स" मात्र तुम्हाला फुकट मिळालाय, "चांगला"मधला च तोच.

दरगाया यिल्येना मिखाय्लव्ना!
सिवोद्न्या मी प्रवझायिम वास ना नोवुयु रबोतु.
अदीनत्सत ल्येत व्ही विली नाशु रिगिस्त्रात्सियु.
या पोम्न्यु त्रित्सातये दिकब्र्या. फ्स्ये उझे र्येझलि सलाति, अ व्ही सिद्येलि नत झप्रोसम. इ अत्व्येत उशोल फ्स्रोक.
व्ही नउचीलि नास चितात दकुम्येन्ति दा पस्ल्येद्न्यय स्त्रनीत्सि.
स्पसीबा वाम झा रबोतु, झा तिर्प्येनिये इ झा च्येस्नस्त.
झिलायु वाम झ्दरोव्या इ उस्प्येखफ ना नोवम म्येस्त्ये.
नाम बूदित वास नि ख्वतात.
प्रिखदीत्ये क नाम ना चाय. व दोब्री पूत! झा वास!

अर्थ: प्रिय येलेना मिखाइलोव्ना, आज आम्ही तुम्हाला नव्या कामासाठी निरोप देतोय. ११ वर्षं तुम्ही आमची नोंदणी सांभाळलीत. मला ३० डिसेंबर आठवतो, सगळे सालाद चिरायला लागले होते, आणि तुम्ही त्या शंकेवर बसला होतात. आणि उत्तर मुदतीत गेलं. तुम्ही आम्हाला कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायला शिकवलंत. कामाबद्दल, धीराबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल तुमचे आभार. तुम्हाला आरोग्य आणि नव्या ठिकाणी यश लाभो. तुमची उणीव आम्हाला भासेल. आमच्याकडे चहाला या. वाटचालीला शुभेच्छा, तुमच्या नावे.

माझी रशियन वाईट आहे अशी माफी सुरुवातीला नको. ती मागितली की लोक पुढची वाक्यं चुका शोधत ऐकतात. सरळ नावाने सुरू करा.

---

अल्माटीची_सून

मजकूर सुंदर. एकच शंका. "दरगाया", प्रिय, हे बॉसने बाईंना सगळ्यांसमोर म्हणणं ठीक आहे का? आमच्याकडे "उवझायिमया", आदरणीय, म्हणतील. पत्रातही तेच.

---

वैजयंती_दुभाषी

पत्रात निश्चित आदरणीय. समोर उभं राहून, ११ वर्षांनी, मला "उवझायिमया" सूचनाफलकासारखं वाटतं, कारण लोकलगाडीत प्रवाशांना उद्देशून घोषणा त्याच शब्दाने होते. पण मी मॉस्कोकरांच्या ऑफिसात बसलेली नाही. बाई फार औपचारिक असतील तर तुमचं बरोबर. एका वयानंतर "प्रिय येलेना मिखाइलोव्ना" हे वडिलांच्या नावामुळे आपोआप संयत होतं असं माझं मत.

---

जुना_विद्यार्थी

मी दरगायाच्या बाजूने. आणि मूळ रशियनमध्ये "तुमची उणीव भासेल"ऐवजी "तुमची आठवण येईल", "बूदिम स्कुचात पा वास" हे जास्त प्रेमळ नाही का?

---

वैजयंती_दुभाषी

प्रेमळ आहे, पण "पा वास" की "पा वाम" यावर रशियनच भांडतात. जुने व्याकरणवाले पहिलं म्हणतात, बोलीत दुसरं सर्रास. ज्या वाक्यात बरोबर काय यावर टेबलाशी वाद होऊ शकतो ते परदेशी माणसाने का घ्यावं? "नि ख्वतात"मध्ये वादच नाही.

---

अरुणकाका_ठाणे

मला एक विचारायचं आहे. बाईंनी नोटीस किती दिवसांची दिली? आमच्या बँकेत तीन महिने होती, म्हणून निरोपाची तयारी व्हायची. दोन मिनिटांचं भाषण एवढ्या घाईत का?

---

मॉस्कोकर

काका, रशियाच्या श्रम संहितेच्या कलम ८० प्रमाणे कामगाराने लेखी कळवून दोन आठवड्यांत सोडता येतं. म्हणून इथे माणूस आज सांगतो आणि पंधरवड्यात त्याची खुर्ची रिकामी. त्या मुदतीत अर्ज मागेही घेता येतो, त्यामुळे आमच्या हिशेबाच्या बाई शेवटच्या दिवसापर्यंत आशा धरून आहेत.

यावरून आठवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने आज बैठकीत "येयो उवोलिलि" म्हटलं आणि गोदामातले लोक एकदम माझ्याकडे बघायला लागले.

---

वैजयंती_दुभाषी

बघणारच. "तिला काढून टाकलं" असा अर्थ होतो. ती स्वतः सोडत असेल तर "अना उवोल्न्यायित्सा", शेवटी "त्सा" हवा. त्याहून सुरक्षित "उखोदित", जाते आहे, आणि कुठून ते सांगायला "इस कम्पानिइ" जोडून. त्या मुलाला आजच सांगा, शुक्रवारी सूत्रसंचालन तोच करणार आहे ना?

---

मॉस्कोकर

सांगितलं. ताई, मजकूर पाठ करतोय. तीन ठिकाणी अडतोय: "प्रवझायिम", "दिकब्र्या" आणि "नि ख्वतात". आवाज रेकॉर्ड करून तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. "दरगाया"च ठेवतो. आमच्या येलेना मिखाइलोव्ना औपचारिक आहेत, पण ड्रायव्हरच्या आजारी आईसाठी औषध शोधायला त्यांनी निम्मं शहर फोनवर घेतलं होतं, आदरणीय म्हणून भागणार नाही.

पेल्याचं मात्र ठरत नाहीये. आमच्या कंपनीच्या नियमात ऑफिसात दारू नाही. त्यांनी स्वतः शॅम्पेन आणली तर?

---

जुना_विद्यार्थी

शॅम्पेनला रशियन लोक दारू धरत नाहीत. आणा.

---

अल्माटीची_सून

नियम आहे तर नियम. रसाचे पेले उचला, "झा वास" रसालाही चालतं. इथे गाडी चालवणारे रसाचाच पेला धरतात, कुणी काही म्हणत नाही.

---

मॉस्कोकर

दोन मतं झाली. मुख्यालयाला विचारतो, कारण एकदा सवलत दिली की पुढच्या निरोपालाही द्यावी लागेल.

---

वैजयंती_दुभाषी

रेकॉर्डिंग ऐकलं. "प्रवझायिम"मध्ये जोर "झा"वर द्या, तुम्ही "प्र"वर देताय. तिथला झ म्हणताना जीभ आणखी मागे वळवा. "दिकब्र्या"चा जोर शेवटी. "ख्वतात" ठीक आहे, फक्त "ख" घशातून येऊ द्या, हवेचा. आणि "मिखाय्लव्ना" तुम्ही एकेक अक्षर सुटं करून म्हणताय. रोज ऑफिसात जसं म्हणता, घाईत "मिखालना", तसंच म्हणा. पूर्ण उच्चार केलात तर त्यांना वाटेल फाईलमधून वाचताय.

शेवटच्या तीन वाक्यांत घाई होतेय. "नाम बूदित वास नि ख्वतात" नंतर थांबा, श्वास घ्या, त्यांच्याकडे बघा, मग चहाचं वाक्य. चहाचं वाक्य म्हणताना कार्ड खाली ठेवा. आज रात्री पुन्हा एकदा रेकॉर्ड करून पाठवा, मी बारापर्यंत जागी आहे.